रक्त थांबले म्हणजे आजार थांबला असे नाही

गेल्या वर्षावासात आमच्या वस्तीतल्या एक वहिनी विहारात ग्रंथवाचनाला यायच्या अचानक बंद झाल्या. घरी जाऊन विचारले तर म्हणाल्या, "काम वाढलंय, ताई." त्या एका कार्यालयात साफसफाईचे काम करतात, म्हणून मलाही ते खरे वाटले. पण मी निघाले तेव्हा त्यांनी दार लोटले आणि हळू आवाजात सांगितले, "पांढरी साडी नेसून दोन तास बसायची भीती वाटते. कधी डाग पडेल काही सांगता येत नाही."

वहिनींचे वय ४३. तीन मुले, तिसऱ्या बाळंतपणानंतर ऑपरेशन झालेले. पाळी दर महिन्याला येत होती, पण ती संपून आठ-दहा दिवस झाले की पुन्हा थोडे लाल जायचे. नवऱ्याशी संबंध आला की दुसऱ्या दिवशी तर हमखास. असे आठ महिने चालले होते. संबंधानंतर रक्त जाते ही गोष्ट त्यांनी कोणालाच, अगदी डॉक्टरलाही सांगितली नव्हती. मेडिकलवाल्याला त्या एवढेच म्हणाल्या की अंगावरून जास्त जाते. त्याने रक्त थांबायच्या गोळ्या दिल्या. तीन वेळा दिल्या. गोळी घेतली की दोन-चार दिवस थांबायचे आणि पुन्हा सुरू व्हायचे. मग एका खाजगी दवाखान्यात सोनोग्राफी झाली. पिशवी नॉर्मल आहे असे सांगून लोहाच्या गोळ्या दिल्या. दुसऱ्या एका ठिकाणी डॉक्टर म्हणाले, "चाळिशी उलटली, मुलं झाली, आता पिशवीचा काय उपयोग? काढून टाका." खर्च ३५ हजार सांगितला. वहिनी गळ्यातले गहाण ठेवायच्या विचारात होत्या.

मी महापालिकेच्या दवाखान्यात बरीच वर्षे परिचारिका म्हणून काम केले आहे. मी त्यांना एकच प्रश्न विचारला. "टेबलावर झोपवून, आत साधन घालून, पिशवीचं तोंड कोणी डोळ्यांनी बघितलं का?" त्या म्हणाल्या, "नाही. पोटावरूनच मशीन फिरवलं."

तीन ठिकाणी पैसे गेले, पिशवी काढायचा सल्लाही मिळाला, पण रक्त नेमके कुठून येते ते कोणी पाहिलेच नाही. माझे स्पष्ट मत आहे की दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा संबंधानंतर रक्त जाणाऱ्या बाईला आत न पाहता गोळी देणे चुकीचे आहे, आणि आत न पाहता पिशवी काढायला सांगणे तर त्याहून चुकीचे. त्यामागची कारणे समजली तर आपल्या घरातली बाई दवाखान्यात जाऊन ठामपणे बोलू शकेल, म्हणून ती इथे नीट सांगते.

पिशवीच्या तोंडावर काय असते

गर्भाशयाची पिशवी उलट्या पेरूसारखी असते. तिचे खालचे निमुळते टोक योनीमार्गात उतरलेले असते. यालाच आपण पिशवीचे तोंड म्हणतो. या तोंडाची बाहेरची बाजू फिकट गुलाबी आणि जाड कातडीची असते, गालाच्या आतल्या बाजूसारखी. तोंडातून वर पिशवीत जाणारी जी अरुंद वाट असते, तिचे अस्तर मात्र लाल, नाजूक आणि पातळ असते. जिथे ही गुलाबी कातडी आणि लाल अस्तर एकमेकांना भेटतात, त्या सीमेवरच बहुतेक गोष्टी घडतात.

त्यातली पहिली गोष्ट म्हणजे पॉलिप. आतल्या लाल अस्तराचा एखादा भाग वाढतो आणि देठावर लोंबणाऱ्या कोंबासारखा तोंडातून बाहेर डोकावतो. तो मऊ, लालभडक, कधी ज्वारीच्या दाण्याएवढा तर कधी बोराएवढा असतो. चाळिशी-पन्नाशीतल्या, मुले झालेल्या बायकांमध्ये तो जास्त आढळतो. त्याला हात लागला, संबंधात धक्का लागला, की त्यातून रक्त येते. दुखत मात्र नाही. शंभरातले जवळजवळ नव्व्याण्णव पॉलिप अगदी साधे असतात, कॅन्सरचे नसतात.

दुसरी गोष्ट म्हणजे आतले लाल अस्तर थोडे बाहेरच्या बाजूला सरकणे. वयात आलेल्या मुली, गरोदर बायका आणि पाळणा लांबवायच्या गोळ्या घेणाऱ्या बायका यांच्यात हे नेहमी दिसते. शरीरातल्या संप्रेरकांमुळे हे होते आणि हा आजार नाही. पण ते अस्तर नाजूक असल्यामुळे संबंधानंतर त्यातून थोडे रक्त येऊ शकते. पाहणाऱ्याला तो भाग लाल सोललेला दिसतो. मग "पिशवीच्या तोंडाला जखम आहे, पुढे कॅन्सर होईल" असे सांगून घाबरवले जाते. ही जखम नाही, आणि ती पुढे जाऊन कॅन्सर होते असेही नाही. त्रास नसेल तर काहीच करावे लागत नाही. रक्त फारच जात असेल तर आधी कॅन्सरची तपासणी करून, मग तो भाग शेक देऊन किंवा गोठवून बरा करता येतो. यासाठी पिशवी काढायचे कारणच नाही.

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या पिशव्या मोठ्या संख्येने काढल्या गेल्याचे २०१९ साली गाजले आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली, हे अनेकांना आठवत असेल. कॅन्सरची भीती घालून पिशवी काढायला लावले, असे तिथल्या कित्येक बायकांनी सांगितले. त्यांत आपल्या समाजाच्या आणि इतर गरीब घरच्याच बायका होत्या. ज्या बाईला आत काय दिसले हे कोणी सांगत नाही, तिला घाबरवणे सोपे असते.

तिसरी गोष्ट म्हणजे खरोखरचा कॅन्सर. त्यातही संबंधानंतर रक्त जाते. वरून पाहता बाईला दोन्हीकडे सारखाच अनुभव येतो. कपड्यावरचा डाग पाहून तो पॉलिपचा आहे की कॅन्सरचा, हे कोणीही सांगू शकत नाही. मीही नाही आणि मोठा डॉक्टरही नाही. दुर्गंधी येणे, मटण धुतलेल्या पाण्यासारखा स्राव जाणे, कंबर आणि मांड्या सतत दुखणे या खुणा असतील तर काळजी वाढते, पण त्या खुणा उशिरा दिसतात. म्हणून डाग पडला की पाहावेच लागते.

याशिवाय गर्भ राहिलेला असणे, जंतुसंसर्ग, तांबी, पाळणा लांबवायच्या गोळ्या विसरून घेणे, पिशवीच्या आतल्या अस्तरातले दोष, अशीही कारणे असतात. तीही तपासूनच कळतात.

त्या दिवशी दवाखान्यात काय झाले

आम्ही तिघी गेलो. वहिनी, त्यांची धाकटी जाऊ सोबतीला, आणि मी. सरकारी रुग्णालयात स्त्रीरोग विभागाची ओपीडी सकाळी असते, म्हणून वहिनींनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती. आधी केसपेपर, मग रक्त तपासणी आणि लघवीची गर्भतपासणी. वहिनी हसल्या, "माझं ऑपरेशन झालंय, ताई." पण ऑपरेशन झाल्यावरही क्वचित गर्भ राहतो, आणि तो नळीत राहिला तर जिवावर बेतते, म्हणून ही तपासणी सगळ्यांचीच करतात. हिमोग्लोबिन ८.४ निघाले. आठ महिने थोडे थोडे गेलेले रक्त ते.

नंतर लघवी करून यायला सांगितले आणि पडद्यामागे टेबलावर झोपवले. गुडघे वाकवून पाय बाजूला. डॉक्टरबाईंनी बदकाच्या चोचीसारखे दिसणारे साधन, ज्याला स्पेक्युलम म्हणतात, ते हळूच आत सरकवले आणि उघडले. त्याने योनीमार्गाच्या भिंती बाजूला होतात आणि दिव्याच्या उजेडात पिशवीचे तोंड समोर दिसते. ताण जाणवतो, वेदना सहसा नसतात. श्वास सोडत अंग सैल ठेवले तर ताणही कमी होतो.

तोंडातून दीड सेंटिमीटरचा लाल कोंब लोंबत होता. कापसाचा बोळा लागताच त्यातून रक्ताचा थेंब आला. आठ महिन्यांचे कोडे दोन मिनिटांत सुटले. पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत पिशवीच्या तोंडावरचा असा छोटा कोंब सहज निसटतो. यात सोनोग्राफीवाल्याची चूक म्हणता येणार नाही, चूक आहे ती तेवढ्यावरच थांबण्याची.

कोंब काढण्याआधी बाईंनी तोंडाच्या उरलेल्या भागाला व्हिनेगरचा बोळा लावून पाहिले. त्याबद्दल पुढे सांगते. कुठेही पांढरा डाग उठला नाही. मग चिमट्याने कोंब देठाजवळ धरला आणि गोल गोल पिळत गेल्या, तसा तो देठापासून सुटून आला. भूल द्यावी लागली नाही. मूळ जिथे होते तिथे औषध लावून रक्त थांबवले. सगळे मिळून पाच-सात मिनिटे. सुटलेला कोंब औषधाच्या बाटलीत घालून तपासायला पाठवला. हे पाठवणे फार महत्त्वाचे आहे. शंभरातला एखादा पॉलिप वेगळा निघतो, आणि तो कोणता हे सूक्ष्मदर्शकाखालीच कळते. काढून फेकून दिला तर ते कधीच कळणार नाही.

दहा दिवसांनी अहवाल आला. साधा पॉलिप. लोहाच्या गोळ्या तीन महिने घेतल्यावर हिमोग्लोबिन ११ वर गेले. मधले डाग थांबले. पॉलिप कधी कधी पुन्हा येतो, म्हणून पुन्हा डाग दिसला तर पुन्हा दाखवायचे, एवढेच सांगितले. ३५ हजार वाचले, पिशवी वाचली.

पण ही गोष्ट इथे संपत नाही.

जिला काहीच त्रास नव्हता तिची गोष्ट

वहिनींची जाऊ ३७ वर्षांची. पाळी नियमित, कधी डाग नाही, पांढरे जाणे नाही. डॉक्टरबाईंनी तिला विचारले, "तुमची तपासणी कधी झालीय का?" ती म्हणाली, "मला काय झालंय?" मी तिला म्हटले, "आलीच आहेस, तर करून घे." नको नको म्हणत ती टेबलावर झोपली.

तिच्या पिशवीचे तोंड डोळ्यांना अगदी निरोगी दिसत होते. मग व्हिनेगरची तपासणी केली. तिला व्हीआयए म्हणतात. स्वयंपाकात वापरतो त्याच जातीचे, तीन ते पाच टक्के ताकदीचे पातळ ॲसिड कापसाच्या बोळ्याने तोंडावर लावतात आणि पूर्ण एक मिनिट थांबतात. निरोगी भाग गुलाबीच राहतो. जिथे पेशी बिघडायला लागलेल्या असतात, तो भाग त्या एका मिनिटात पांढराशुभ्र होतो. जावेच्या तोंडावर, गुलाबी आणि लाल भागाच्या सीमेला चिकटून, दाट पांढरा पट्टा उठला.

याचा अर्थ कॅन्सर असा नाही. पांढरा डाग उठणाऱ्या बऱ्याच बायकांमध्ये पुढच्या तपासणीत काही निघत नाही. सूज असली तरी डाग उठतो. म्हणून तिला दुर्बिणीच्या तपासणीला पाठवले आणि डाळीच्या दाण्याएवढा तुकडा काढून तपासला. अहवालात कॅन्सरच्या आधीची, मधल्या पायरीवरची अवस्था निघाली. मग सुईने जागा बधिर करून, विजेवर तापणाऱ्या बारीक तारेच्या फासाने तोंडाचा तेवढाच भाग कातरून काढला. पंधरा-वीस मिनिटांचे काम. ती त्याच दिवशी घरी आली. तीन आठवडे पाण्यासारखा स्राव गेला. महिना-दीड महिना संबंध टाळायला आणि जड उचलू नये असे सांगितले होते. पिशवी जागेवर आहे, आणि वर्षभराने पुन्हा तपासणी करायची आहे.

आता विचार करा. जिला आठ महिने रक्त जात होते तिला साधा कोंब होता. जिला काहीच त्रास नव्हता तिच्या तोंडावर कॅन्सरची पूर्वतयारी चालली होती. नेहमीच असे होते असे माझे म्हणणे नाही. पण यात या आजाराची रीत नेमकी दिसते. कॅन्सरच्या आधीची अवस्था सहसा रक्त देत नाही, दुखत नाही, जाणवत नाही. ती अशीच वर्षानुवर्षे असते. ज्या विषाणूमुळे हे होते तो एचपीव्ही अंगात शिरल्यापासून कॅन्सर होईपर्यंत साधारण दहा-पंधरा, कधी वीस वर्षे जातात. कॅन्सर झाल्यावर जेव्हा रक्त जाऊ लागते, तेव्हा ही दहा-पंधरा वर्षे आपल्या हातातून गेलेली असतात.

म्हणून दोन गोष्टी वेगळ्या समजून घ्यायला हव्यात. रक्त जात असेल तर वय काहीही असो, आधीची तपासणी चांगली आलेली असो वा नसो, आत पाहणे लगेच हवे. आणि रक्त जात नसेल, तरी तिशीनंतर ठरावीक वर्षांनी तपासणी हवी. पहिलीमुळे आहे तो आजार सापडतो, दुसरीमुळे होऊ घातलेला थांबतो. एक केली म्हणून दुसरी सुटत नाही. गेल्या वर्षी शिबिरात तपासणी चांगली आली होती म्हणून या वर्षीचा डाग दुर्लक्षित करणारी बाई मी पाहिली आहे, आणि तोंडावर उघड गाठ दिसत असताना जुन्या अहवालावर विसंबणारे डॉक्टरही. गाठ दिसली की तुकडा काढून तपासलाच पाहिजे.

विषाणूबद्दल एक गोष्ट उघड बोलायला हवी. एचपीव्ही संबंधातून पसरतो, हे कळल्यावर घरात संशय शिरतो. हा विषाणू इतका सर्वसाधारण आहे की संबंध येणाऱ्या बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी त्याची लागण होते, आणि बहुतेकांच्या शरीरातून तो एक-दोन वर्षांत आपोआप निघून जातो. ज्या थोड्या बायकांमध्ये तो टिकतो त्यांना धोका असतो. आज सापडलेला विषाणू वीस वर्षांपूर्वीचाही असू शकतो, आणि तो नवऱ्याकडूनही आलेला असू शकतो. त्यावरून बाईच्या चारित्र्याचा निवाडा करणे म्हणजे शुद्ध अज्ञान. वहिनी आठ महिने गप्प राहिल्या त्याचे अर्धे कारण हेच होते. "नवरा काय म्हणेल?"

हे आपल्याच वस्त्यांत सिद्ध झाले आहे

व्हिनेगरची एवढी साधी तपासणी खरोखर जीव वाचवते का, असे कोणी विचारील. याचे उत्तर परदेशात शोधायला नको. मुंबईच्या झोपडपट्ट्यांमध्येच ते मिळाले आहे. टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांमधल्या ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख बायकांचा अभ्यास केला. निम्म्या वस्त्यांमध्ये दर दोन वर्षांनी, एकूण चार वेळा, व्हिनेगरची तपासणी झाली. ती करणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, काही आठवड्यांचे प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य सेविका होत्या. २०१३ साली निकाल जाहीर झाला. तपासणी झालेल्या वस्त्यांत या कॅन्सरने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी निघाले.

उरलेल्या निम्म्या वस्त्यांतल्या बायकांना फक्त माहिती दिली गेली, तपासणी दिली गेली नाही. तुलना करण्यासाठी तसे केले होते. यावर पुढे देशात आणि बाहेरही टीका झाली, आणि ती मला योग्य वाटते. पण त्या वादापलीकडे एक हिशेब उरतो. ज्या वस्त्यांनी जगाला हे ज्ञान मिळवून दिले, ज्यांच्या बायका दोन्ही बाजूंना होत्या, त्या वस्त्यांसारख्याच आमच्या वस्तीत वहिनी ४३ वर्षांच्या होईपर्यंत कोणी तपासणी केली नव्हती. आणि त्या एकट्या नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत, ३० ते ४९ वयाच्या शंभर बायकांमागे दोघींचीही ही तपासणी कधी झालेली नव्हती.

सरकारच्या कार्यक्रमात ३० ते ६५ वयाच्या बाईची दर पाच वर्षांनी ही तपासणी विनामूल्य करायची तरतूद आहे. कागदावर हे आहेच. तेव्हा आरोग्य केंद्रात जाऊन ती मागणे म्हणजे उपकार मागणे नव्हे. आणि मागताना आपण काही अटीही सांगितल्या पाहिजेत असे मला वाटते. सकाळी दहा ते एक या वेळेत आमच्या घरकाम करणाऱ्या, साफसफाई करणाऱ्या, बिगारी काम करणाऱ्या बायका येऊ शकत नाहीत. त्यांचा अर्धा दिवस म्हणजे अर्धी मजुरी. रविवारी किंवा संध्याकाळी तपासणी ठेवा. विहारालगतची खोली, समाजमंदिर, पडदा, टेबल, दिवा आणि पाणी एवढी सोय आपण करू शकतो. पण पांढरा डाग उठलेल्या बाईला पुढे कुठे पाठवणार, कोणत्या तारखेला, सोबत कोण जाणार, हे शिबिराआधी लिहून घ्या. डाग उठलेल्या बाईच्या हातात चिठ्ठी देऊन मोकळे होणारे शिबिर नुसती भीती वाटते, उपचार देत नाही. जाऊ तिच्या तारखेला गेली, कारण वहिनी सोबत होत्या.

आता तपासणीच्या मर्यादाही सांगते. पाळी बंद झाल्यावर ती सीमा तोंडाच्या आत सरकते आणि व्हिनेगर लावून दिसत नाही. म्हणून पन्नाशीनंतर या तपासणीचा उपयोग कमी होतो आणि एचपीव्हीची किंवा पॅप स्मिअरची तपासणी अधिक बरी. एचपीव्हीची तपासणी तिशीनंतरही व्हिनेगरपेक्षा जास्त अचूक आहे, पण ती अजून सगळीकडे मिळत नाही. मिळत असेल तर तीच घ्या. पाळी चालू असताना यापैकी काही होत नाही, म्हणून पाळी संपल्यावर आठवडाभराने जावे. आदल्या दोन दिवसांत संबंध नको आणि आत औषध किंवा साबणाचे पाणी घालू नये. पण रक्त सततच जात असेल तर थांबायची वाट पाहू नये, तसेच जावे.

आणि एक खास सूचना आपल्या आयांसाठी, आज्यांसाठी. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर एकदा जरी लाल डाग दिसला, तरी "पाळी परत आली" असे म्हणून हसण्यावारी नेऊ नका. पाळी परत येत नसते. तो पॉलिपही असू शकतो, पण पिशवीच्या आतल्या अस्तराचा किंवा तोंडाचा कॅन्सरही असू शकतो. त्या आठवड्यातच दाखवा.

दवाखान्यात काय बोलायचे

वहिनींना डॉक्टरसमोर बोलायला शब्द सापडत नव्हते. म्हणून शब्द देते. "अंगावरून जास्त जातं" एवढे म्हणू नका. "पाळी नसताना मधेच जातं" किंवा "मालकांशी संबंध आला की जातं" असे म्हणा. या एका वाक्याने डॉक्टरला कळते की रक्त तोंडाजवळून येत असू शकते. मग विचारा, "आतून साधन घालून बघणार ना? काय दिसलं ते मला सांगाल का?" काही काढले तर विचारा, "तो तुकडा तपासायला पाठवला का? अहवाल कधी मिळेल?" आणि पिशवी काढायला सांगितले तर, "तोंडाचा तुकडा तपासल्याशिवाय नाही," एवढे म्हणून दुसऱ्या ठिकाणी, शक्यतो सरकारी रुग्णालयात दाखवा. बाईडॉक्टर किंवा सोबत परिचारिका हवी, असे मागायचा तुम्हाला अधिकार आहे. अहवालात दुर्दैवाने कॅन्सर निघाला, तरी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत नोंदवलेल्या रुग्णालयांमध्ये त्याचे उपचार होतात. रेशन कार्ड आणि आधार कार्ड सोबत न्या. लवकरच्या टप्प्यात हा कॅन्सर बरा होतो.

घरातल्या पुरुषांना एवढेच सांगायचे आहे की ज्या रात्रीनंतर बायकोच्या अंगावरून रक्त गेले, ती रात्र तुम्हालाही माहीत असते. तिने बोलायची वाट पाहू नका. दुसऱ्या दिवशी तुम्हीच म्हणा, चल, दाखवून येऊ.

या वर्षावासात वहिनी पांढरी साडी नेसून पहिल्या रांगेत बसतात. शेजारी त्यांची जाऊ असते. वाचन झाल्यावर त्या दोघी बायकांना बाजूला घेऊन काही सांगताना दिसतात. परवा जवळ गेले तेव्हा ऐकू आले, "अगं, गोळी कशाला घेतेस? आधी बघायला सांग."